उलट्या रंगांचा टॅबलेट आणि वर्गशिक्षिकेला लिहायची चिठ्ठी

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. तिला अल्बिनिझम आहे, चष्मा लावूनही नीट दिसत नाही. टॅबलेटवर ती रंग उलटे करून वाचते, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं. यंदाच्या वर्गशिक्षिका म्हणतात, "हे कसलं फॅड? डोळे बिघडतील, साधं ठेवा." बाई वाईट नाहीत, त्यांना दुखवायचं नाहीये. पण नीट समजेल अशी चिठ्ठी द्यायची आहे. काय लिहू? (एक आई, देवगड तालुका)

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, डॉक्टरांची फाईल चिठ्ठीला जोडू नका. मी गेली २२ वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये कमी दिसणाऱ्या मुलांबरोबर काम करते, आणि सुरुवातीला मीच पालकांना ते करायला सांगायचे. बाई ते कागद आदरानं कपाटात ठेवतात आणि वर्गात काहीच बदलत नाही. रिपोर्टात नजरेचा आकडा असतो. मंगळवारी भूगोलाच्या तासाला काय करायचं ते त्यात नसतं. चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: हे का, हे कधी नको, आणि त्यात मी काय करायचं. दुसरी गोष्ट पालक हमखास विसरतात आणि सगळे घोटाळे तिथेच होतात. तिच्याकडे येतेच.

आधी "का". कोकणातल्या माणसाला हे समजवायला आंबोली घाट पुरतो. पावसाळ्यात धुक्यातून गाडी चालवताना अप्पर लावला की काय होतं? उजेड वाढतो, पण रस्ता दिसायच्या ऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे थेंब तो उजेड सगळीकडे फेकतात. डिपर केलं की निदान कडेचा पांढरा पट्टा तरी दिसतो. तुमच्या मुलीच्या डोळ्यात याच जातीचं काहीतरी घडतं. आपल्या डोळ्यातला रंगीत पडदा उजेड अडवतो आणि फक्त मधल्या बाहुलीतून आत सोडतो. अल्बिनिझममध्ये त्या पडद्यात रंगद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे उजेड पडद्यातूनही आत झिरपतो. डोळ्याच्या आतल्या अस्तरातही तो शोषून घेणारं द्रव्य कमी असतं, म्हणून आत गेलेला उजेड तिथेच इकडेतिकडे परततो.

आता पुस्तकाच्या पानाकडे बघा. छापील पानावर शाईनं व्यापलेला भाग फार थोडा असतो, बाकी सगळं पान पांढरं. टॅबलेटवर तेच पान म्हणजे पांढरा दिवाच, आणि त्यावर बारीक काळ्या रेघा. तो सगळा पांढरा उजेड डोळ्यात पसरतो आणि काळ्या रेघांवर राख पडावी तशा त्या फिक्या होतात. रंग उलटे केले की हिशोब पालटतो. उजेड फक्त अक्षरांमधून येतो, पसरायला उरतोच कमी. १९८५ साली अमेरिकेत गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी दृष्टीच्या लोकांचं वाचन मोजलं, तेव्हा ज्यांच्या डोळ्यातली पारदर्शक माध्यमं धूसर होती ते काळ्यावर पांढरं अधिक वेगानं वाचत होते. कारण हेच, पसरणारा उजेड.

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर बाई उद्या विचारतील, "रंग उलटे केले तरी टॅबलेट नाकाला लावूनच वाचते, मग उपयोग काय?" रंग उलटे केल्यानं डोळे दिपणं कमी होतं, नजर तीक्ष्ण होत नाही. अल्बिनिझममध्ये नजरेचा सर्वांत तीक्ष्ण मध्यबिंदू पुरता घडलेला नसतो, आणि डोळ्यांची थरथरही असते. म्हणून अक्षर मोठं लागतं आणि जवळ धरावं लागतं. जवळ धरणं म्हणजे अक्षर मोठं करण्याचा फुकटचा उपाय. त्यानं डोळे बिघडत नाहीत, आणि उलट्या रंगांनीही बिघडत नाहीत.

बाईंना पटवण्यासाठी तुमच्याकडे एक साक्षीदार आहे आणि तो त्यांच्या पाठीमागेच टांगलेला आहे. फळा! काळ्यावर पांढरी अक्षरं लिहिण्यात बाईंचं आयुष्य गेलंय. खडूचा फळा म्हणजे उलट्या रंगांचं पानच, फक्त त्याला कुणी फॅड म्हणत नाही. चिठ्ठीत हे वाक्य जरूर घाला. मी ते अनेक स्टाफरूममध्ये वापरलंय आणि दरवेळी कुणीतरी हसून मान डोलावतं.

पण फळ्याचाच एक फास आहे. तुमची मुलगी टॅबलेटच्या कॅमेऱ्यानं फळा मोठा करून बघत असेल, तर रंग उलटे असताना काळा फळा पडद्यावर पांढराफटक दिसतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. तिथे रंग सरळ करायला हवेत. व्हाइटबोर्ड असेल तर मात्र उलटे ठेवायचे. मुलं हे स्वतः शिकतात, पण बाईंना माहीत नसतं. त्यांना दिसतं ते इतकंच की पोरगी सारखं पडद्यावर काहीतरी बदलतेय. त्यांना वाटतं, खेळतेय.

आता "कधी नको". मालवणकडचा एक विद्यार्थी होता माझा. दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियावर लहानपणीच्या आजाराचे धूसर डाग, त्यामुळे तोही उलटे रंगच वापरायचा. भूगोलाच्या चाचणीत टॅबलेटवर नकाशा होता आणि प्रश्न होता, पाणी कोणत्या रंगानं दाखवलं आहे. पोरानं लिहिलं चॉकलेटी. चूक. मी विचारलं तर ठाम होता, "समुद्र चॉकलेटी आसा, बाई." आणि त्याच्या पडद्यावर तो होताच. बरेचसे टॅबलेट रंग उलटे करतात म्हणजे प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे २५५ मधून वजा करतात. नकाशातला फिका निळा साधारण १७०, २११, २२३ असा असतो. वजाबाकी केली की ८५, ४४, ३२ उरतात, म्हणजे गडद चॉकलेटी. त्याच हिशोबानं हिरवी मैदानं गुलाबी-जांभळट होतात, लाल रंग निळसर-हिरवा होतो आणि हळदीचा पिवळा निळा. विज्ञानात लिटमस किंवा हळदीच्या कागदाचे फोटो दाखवले तर हे मूल प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देईल. त्यामुळे नकाशा, फोटो, रंगांचा प्रयोग आणि चित्रकला इथे रंग सरळ, हे चिठ्ठीत स्पष्ट यायलाच हवं.

त्याच मुलानं मला दुसरी एक गोष्ट शिकवली. त्याच्या सरांनी स्वतः खात्री करायची म्हणून दोन्ही प्रकारे एकेक मिनिट वाचून घेतलं. साध्या रंगात ५१ शब्द, उलट्यात ४८. सर म्हणाले, बघा, साधंच बरं. मी त्यांना विनंती केली की धडा थांबवू नका, दहा मिनिटं वाचू द्या. दहाव्या मिनिटाला साध्या रंगात तो ३३ वर आला होता, डोळ्यांतून पाणी, दोनदा ओळ चुकली. दुसऱ्या दिवशी उलट्या रंगात दहाव्या मिनिटाला ४६. दिपण्याचा त्रास साचत जातो, पहिल्या मिनिटात तो दिसतच नाही. तुम्हीही घरी हे करा. एकाच पुस्तकातले सारख्या अवघडपणाचे दोन उतारे घ्या, अक्षराचा आकार आणि पडद्याचा उजेड सारखा ठेवा, दोन वेगळ्या दिवशी मोठ्यानं वाचायला लावा आणि पहिल्या व दहाव्या मिनिटाचे शब्द मोजा. आठवड्यानं क्रम बदलून पुन्हा. फरक पडला तर आकडे चिठ्ठीत घाला. नाहीच पडला तर तेही मान्य करा. अल्बिनिझम असलेल्या काही मुलांना नुसता उजेड कमी केला तरी पुरतं, उलटे रंग लागतही नाहीत.

आता चिठ्ठी. एका पानात मावली पाहिजे. मी अशी लिहीन. शब्दांचे आकडे तुम्ही मोजाल ते घाला, आणि जे तुमच्या मुलीला लागू नाही ते काढा:

> आदरणीय बाई,
>
> सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीच्या टॅबलेटवर रंग उलटे का दिसतात, हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. राहून गेलं, त्याबद्दल क्षमस्व.
>
> तिला जन्मापासून अल्बिनिझम आहे. तिच्या डोळ्यात उजेड गरजेपेक्षा जास्त शिरतो आणि आत पसरतो. पांढऱ्या पानाचा उजेड पसरून काळी अक्षरं तिला पुसट दिसतात, धुक्यात अप्पर लावल्यावर रस्ता दिसू नये तशी. काळ्यावर पांढरी अक्षरं असली की उजेड कमी येतो आणि अक्षर टिकून राहतं. आपला खडूचा फळा असतो तसंच. घरी आम्ही मोजलं. साध्या रंगात ती पहिल्या मिनिटाला ___ शब्द वाचते आणि दहाव्या मिनिटाला ___. उलट्या रंगात ___ आणि ___.
>
> यानं तिची नजर वाढत नाही, म्हणून टॅबलेट जवळ धरणं आणि अक्षर मोठं करणं तरीही लागतं. दोन्हींनी डोळ्यांना अपाय होत नाही.
>
> नकाशा, फोटो, रंग ओळखण्याचा प्रयोग आणि चित्रकला असेल तेव्हा तिनं रंग सरळ करायचे आहेत, नाहीतर समुद्र तिला चॉकलेटी दिसतो. फळ्याचा फोटो काढतानाही ती रंग बदलते. त्यासाठी ती पडद्याच्या वरून बोट खाली ओढते आणि एक बटण दाबते. हे तीन-चार सेकंदांचं काम आहे. त्याहून जास्त वेळ लागला तर जरूर टोका.
>
> आपल्याकडून दोन गोष्टींची विनंती. रंगावर प्रश्न असेल तेव्हा "रंग सरळ कर" एवढं आठवण करून द्यावं. आणि खिडकी तिच्या एका बाजूला येईल अशी जागा द्यावी, समोर किंवा पाठीमागे नको.
>
> तिनं पाठवलेला गृहपाठ आपल्या फोनवर नेहमीच्याच रंगात दिसेल. एकदा मधल्या सुट्टीत येऊन पाच मिनिटांत दाखवू का? आपल्याला सोयीचा दिवस कळवावा.
>
> आपली नम्र,
> (मुलीचं नाव) हिची आई

चिठ्ठीत "जरूर टोका" हे मुद्दाम घातलंय. बाईंच्या मनातली खरी शंका बहुतेक वेळा डोळ्यांची नसते, टॅबलेटवर गेम चालतोय का याची असते. ती शंका रास्त आहे. तिला वाट करून दिली की विरोध बराचसा मावळतो.

खिडकीचं थोडं सविस्तर. समोर खिडकी असेल तर डोळे सरळ दिपतात, हे सगळ्यांना कळतं. पाठीमागच्या खिडकीचं लक्षात येत नाही. काळा पडदा आरशासारखा वागतो. पांढऱ्या पडद्यावर जे प्रतिबिंब बुडून जातं ते काळ्यावर लख्ख उमटतं आणि अक्षरांवर खिडकीचे गज दिसू लागतात. किनाऱ्यालगतच्या शाळांत पश्चिमेकडून समुद्राची चकाकी येते, म्हणजे सकाळी ठीक असलेली जागा दुपारी तीन वाजता निकामी होऊ शकते. कौलारू शाळेत आणखी एक गंमत. उजेडासाठी मध्ये बसवलेलं काचेचं कौल. त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा दिवसभर सरकत असतो आणि कधीतरी नेमका तुमच्या मुलीच्या बाकावर येतो. एका शाळेत "अकरानंतर ती वाचतच नाही" अशी तक्रार होती. तास-दोन तास वर्गात बसले तेव्हा कारण छपरात सापडलं. बाक दोन हात सरकवला, संपलं.

टॅबलेटबद्दल थोडं, कारण बाई विचारतील. अँड्रॉइडवर `Settings` मध्ये `Accessibility` उघडलं की `Color inversion` सापडतं; कंपनीप्रमाणे ते एखाद्या आतल्या यादीत असतं. त्याचं बटण वरून ओढायच्या पट्टीत आणून ठेवा, म्हणजे मुलीला दरवेळी आत शिरावं लागणार नाही. आयपॅडवर `Display & Text Size` मध्ये दोन पर्याय दिसतात. `Classic Invert` सगळंच उलटं करतो. `Smart Invert` फोटो सरळ ठेवायचा प्रयत्न करतो, पण प्रत्येक ॲपमध्ये ते जमतं असं नाही, त्यामुळे नकाशाच्या वेळी त्याच्यावर विसंबू नका.

"मग डार्क मोड लावा ना, तो तर सगळ्या फोनमध्ये असतो," असंही कुणी म्हणेल. डार्क मोड त्या त्या ॲपच्या मर्जीवर चालतो. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ किंवा स्कॅन केलेली प्रश्नपत्रिका त्यात सहसा पांढरीच राहते, आणि शाळेत वाचायचं असतं ते नेमकं हेच. दोन्ही एकदम लावले तर आणखी मजा: जे ॲप आधीच काळं आहे ते उलटून पांढरं होतं. मुलगी "आज त्रास होतोय" म्हणाली तर आधी हेच तपासा. तसंच पांढरी अक्षरं फार तेजस्वी असली तर त्यांच्या कडा फुटून पसरल्यासारख्या दिसतात. पडद्याचा उजेड थोडा उतरवा आणि अक्षर किंचित जाड करा.

इतर मुलं म्हणतील, आम्हालाही तसं हवं. बाईंना सांगा, नको. निरोगी डोळ्याला उजेडात पांढऱ्यावर काळं वाचणंच सहसा सोपं जातं, कारण भरपूर उजेडात बाहुली बारीक होते आणि अक्षर रेखीव दिसतं. हवं तर एकदा सगळ्यांना पाहू द्या, कुतूहल दोन दिवसांत संपतं.

घटक चाचणी कागदावर असते, तिथे टॅबलेट उपयोगी नाही. त्यासाठी काळ्या कार्डशीटचा तुकडा घ्या, त्यात साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर उंच अशी फट कापा. प्रश्नपत्रिकेवर ठेवली की एक-दोन ओळी दिसतात आणि बाकीचं पांढरं पान झाकलं जातं. तत्त्व तेच, खर्च पाच-दहा रुपये. कार्ड चकचकीत नको, ते स्वतःच चमकतं. दोन बनवून एक बाईंच्या टेबलात ठेवा.

कायद्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते, आणि कलम १७ मध्ये परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या बदलांचा उल्लेख आहे. हे पहिल्या चिठ्ठीत लिहिलंत तर पत्र बाईंकडून थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाईल आणि बाई तुमच्याशी जपून बोलायला लागतील. जादा वेळेचा अर्ज वेगळा करा, मुख्याध्यापकांच्या नावे, दिव्यांग प्रमाणपत्राच्या प्रतीसह. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतील तर त्यांना आधी भेटा, अर्जाची भाषा तेच सांगतील.

चिठ्ठीच्या तीन प्रती काढा. एक बाईंना, एक मुलीच्या दप्तरात, आणि "कधी नको" हा परिच्छेद तेवढा वेगळा कापून टॅबलेटच्या कव्हरच्या आत चिकटवा. बाई रजेवर असल्या आणि दुसरे सर तासाला आले तर मुलीला सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही, ती नुसतं कव्हर उघडून दाखवते.